फाशांवरून n − 1: प्रमाण विचलनाच्या प्रात्यक्षिक संचाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

काम असे ठरले: प्रमाण विचलन पहिल्यांदा शिकणाऱ्याला, एकूण आकडे n असतील तर भागताना n ऐवजी n − 1 का घ्यायचा, हे स्वतःच्या हाताने मोजून पटावे, असा छोटा संच तयार करायचा. संचात लुडोचे फासे, चौकटीचा कागद, पत्त्यांची सहा पाने आणि एक स्प्रेडशीट. वर्गात एका तासिकेत संपेल एवढेच.

फासा निवडण्यामागे कारण आहे. नेहमीच्या उदाहरणांत विद्यार्थ्यांची उंची किंवा आंब्यांची वजने दिलेली असतात. तिथे नमुन्यावरून काढलेले उत्तर बरोबर की चूक, हे कोणालाच कळत नाही, कारण खरे उत्तर ठाऊक नसते. फाशाचे खरे उत्तर कागदावर काढता येते. बाजू सहा, प्रत्येकीची शक्यता सारखी, सरासरी ३.५. सरासरीपासूनची अंतरे −२.५, −१.५, −०.५, ०.५, १.५, २.५. त्यांचे वर्ग ६.२५, २.२५, ०.२५, ०.२५, २.२५, ६.२५. बेरीज १७.५. सहाने भागून २.९१६७. हे झाले फाशाचे प्रचरण, आणि त्याचे वर्गमूळ १.७०७८ हे प्रमाण विचलन.

इथे भागाकार पूर्ण सहाने केला आहे, पाचाने नाही. सहा बाजू हा नमुना नव्हे, ती अख्खी समष्टी आहे, आणि ३.५ ही सरासरी कशावरून अंदाजलेली नाही. हा फरक पहिल्याच पानावर ठळक लिहायचा. तो निसटला की पुढचे काहीच जागेवर बसत नाही.

यापुढच्या सगळ्या नोंदींत प्रश्न एकच. समजा, कोणी फासा लपवून टाकतो आहे. आपल्याला बाजू किती आणि त्यांवर काय लिहिले आहे हे माहीत नाही, फक्त पडलेले चार-पाच आकडे मिळतात. त्यांवरून २.९१६७ चा अंदाज कसा बांधायचा?

८ जानेवारी

उदाहरणासाठी फाशाच्या चार टाकींचा एक नमुना पक्का केला: २, ६, ५, ५. बेरीज १८, सरासरी ४.५. अंतरे −२.५, १.५, ०.५, ०.५. वर्ग ६.२५, २.२५, ०.२५, ०.२५, म्हणजे बेरीज बरोबर ९. आकडे सुटसुटीत येतात म्हणून शेवटपर्यंत हाच नमुना वापरायचा.

आता हीच अंतरे नमुन्याच्या ४.५ पासून न मोजता खऱ्या ३.५ पासून मोजू: −१.५, २.५, १.५, १.५. वर्ग २.२५, ६.२५, २.२५, २.२५. बेरीज १३. आकडे तेच, फक्त मोजण्याचा मध्यबिंदू बदलला आणि बेरीज ९ वरून १३ वर गेली.

योगायोग नाही हे दिसावे म्हणून मध्यबिंदू सरकवत जायचे. ३.५ ला बेरीज १३, ४ ला १०, ४.५ ला ९, ५ ला १०, ५.५ ला पुन्हा १३. चौकटीच्या कागदावर हे पाच बिंदू जोडले की वाटीसारखी वक्ररेषा येते आणि तिचा तळ नेमका ४.५ वर, म्हणजे नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीवर बसतो. कोणतेही आकडे घ्या, वाटीचा तळ त्यांच्या सरासरीवरच येतो. वर्गांची बेरीज सर्वांत कमी व्हावी असा बिंदू म्हणजेच सरासरी.

n − 1 ची गरज इथेच निर्माण होते. खरी सरासरी कुठे आहे ते माहीत नसल्यामुळे आपण तिच्या जागी नमुन्याची सरासरी ठेवतो. पण ती त्याच आकड्यांतून काढलेली असल्यामुळे त्यांच्या सर्वांत जवळच्या जागी जाऊन बसते. खऱ्या सरासरीपासूनची बेरीज तिच्यापेक्षा जास्त तरी असणार, नाहीतर फार तर तेवढीच. कमी कधीच असणार नाही. म्हणजे चूक दर वेळी एकाच बाजूला होते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते. चूक कधी वर, कधी खाली झाली असती, तर भाजक बदलून काही साधले नसते.

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. ‘सरासरी कधी खऱ्यापेक्षा जास्त येईल, कधी कमी, मग एकंदर हिशेब जुळेल ना?’ असे त्यांना वाटते. सरासरीबाबत ते खरे आहे. वर्गांच्या बेरजेबाबत नाही, कारण नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीच्या डावीकडे सरकली काय किंवा उजवीकडे, दोन्ही वेळा आपण वाटीच्या तळाशीच असतो. ३.५ आणि ५.५ या दोन्ही टोकांना १३ येते, ते याचसाठी दाखवायचे.

११ जानेवारी

बेरीज कमी येते हे कळले, पण किती कमी? त्यासाठी दोन फाशांचा तक्ता केला. लाल फाशाचे आकडे आडवे, निळ्याचे उभे, छत्तीस घरे. प्रत्येक घर हा दोन टाकींचा एक नमुना, आणि सगळी घरे सारख्याच शक्यतेची. त्यामुळे कोणताही प्रयोग न करता, सर्व शक्य नमुन्यांची अचूक सरासरी मिळते.

दोन आकड्यांसाठी वर्गांची बेरीज झटकन निघते. आकडे a आणि b असतील तर सरासरी दोघांच्या बरोबर मध्ये असते, दोघेही तिच्यापासून फरकाच्या निम्म्या अंतरावर असतात, म्हणून बेरीज (a − b)²/2. उदाहरणार्थ १ आणि ४ असतील तर फरक ३, बेरीज ४.५.

मग घरे मोजायची. फरक ० असलेली ६ घरे, १ असलेली १०, २ ची ८, ३ ची ६, ४ ची ४ आणि ५ ची २. फरकांच्या वर्गांची एकूण बेरीज १० + ३२ + ५४ + ६४ + ५० = २१०. तिची निम्मी १०५. छत्तीस घरांत वाटली की दर नमुन्यामागे २.९१६७.

हा आकडा फळ्यावर लिहून क्षणभर थांबावे, कारण तो ६ जानेवारीचाच आकडा आहे. दोन टाकींच्या नमुन्यात वर्गांची बेरीज सरासरीने २.९१६७ भरते. तिला n ने, म्हणजे २ ने भागले तर १.४५८३ मिळतात, खऱ्याच्या नेमके निम्मे. n − 1 ने, म्हणजे १ ने भागले तर २.९१६७, खऱ्याइतकेच. ‘जवळपास’ नव्हे, अचूक.

तक्ता भरताना होणारी चूक नोंदवून ठेवतो. काही जण (२, ५) आणि (५, २) हे एकच घर धरून एकवीस घरांवर काम करतात. मग सारख्या आकड्यांच्या सहा घरांना अवाजवी वजन मिळते आणि उत्तर १०५/२१ चे निम्मे, म्हणजे २.५ येते. २.५ आले की चूक हीच झाली असे समजावे. दोन फासे वेगवेगळ्या रंगांचे घेण्याचे कारणही हेच.

तीन आणि चार टाकींचे तक्ते हाताने करण्यात अर्थ नाही. तीन टाकींची २१६ घरे होतात, चारांची १२९६. त्यासाठी संचात या ओळी ठेवल्या:

```python
from itertools import product
from statistics import mean, variance, pvariance

for n in (2, 3, 4):
    rolls = list(product(range(1, 7), repeat=n))
    print(n, mean(map(pvariance, rolls)), mean(map(variance, rolls)))
```

`pvariance` n ने भागते, `variance` n − 1 ने. दशांश चार स्थळांपर्यंत घेतले तर पहिल्या रकान्यात १.४५८३, १.९४४४, २.१८७५ येतात. खऱ्याच्या १/२, २/३ आणि ३/४. दुसऱ्या रकान्यात तिन्ही वेळा २.९१६७.

१५ जानेवारी

तक्त्याने उत्तर दिले, पण कारण दिले नाही. ‘n = 2 ला निम्मे, n = 3 ला दोन तृतीयांश’ हा क्रम नेमका का, हे सांगणारी पायरी आज लिहून काढली. बीजगणित थोडेच आहे आणि ते टाळू नये असे आमचे मत आहे. ते टाळले की n − 1 हा पाठ करण्याचा नियम होऊन बसतो.

२, ६, ५, ५ कडे परत जाऊ. खऱ्या सरासरीपासून बेरीज १३, नमुन्याच्या सरासरीपासून ९, फरक ४. हा ४ कुठून आला? नमुन्याची सरासरी खऱ्यापासून १ ने दूर आहे, आणि आकडे चार आहेत: ४ × १². प्रत्येक नमुन्यात हे असेच जुळते:

```
Σ(x − μ)² = Σ(x − x̄)² + n(x̄ − μ)²
```

इथे μ ही खरी सरासरी, x̄ ही नमुन्याची. खऱ्या प्रचरणाला पुढे σ² म्हणू. उजवीकडे दोनच पदे का? प्रत्येक अंतर x − μ हे (x − x̄) आणि (x̄ − μ) असे दोन तुकड्यांत मोडून वर्ग केला की मधले एक पद येते, 2(x̄ − μ) गुणिले सगळ्या (x − x̄) ची बेरीज. पण नमुन्याच्या सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज शून्यच असते (−२.५ + १.५ + ०.५ + ०.५ = ०), म्हणून मधले पद गळून पडते.

आता या तिन्ही पदांची, सर्व शक्य नमुन्यांवरची सरासरी घेऊ. डावीकडे n वर्ग आहेत, प्रत्येकाची सरासरी σ², म्हणजे एकूण nσ². उजवीकडच्या शेवटच्या पदात नमुन्याच्या सरासरीचे डळमळणे आहे. n टाकींची सरासरी खऱ्या सरासरीभोवती जी हलते, तिचे प्रचरण σ²/n असते. त्याला n ने गुणले की उरते फक्त σ². नमुना दोनाचा असो वा दोनशेचा, हे पद सरासरीने एकच σ² असते. nσ² मधून ते वजा केले की Σ(x − x̄)² या पदाला उरतात (n − 1)σ². आपल्या हातात मोजायला फक्त हेच पद असते. त्याला n − 1 ने भागले की σ² मिळणारच.

σ²/n हे मात्र विद्यार्थ्याने नुसते मान्य करू नये म्हणून तोच छत्तीस घरांचा तक्ता पुन्हा वापरतो. दोन फाशांची बेरीज ७ पासून किती दूर आहे ते पाहायचे. अंतर ५ ची घरे दोन्ही बाजूंची मिळून २, चारची ४, तीनची ६, दोनची ८, एकची १०, शून्याची ६. वर्गांची बेरीज ५० + ६४ + ५४ + ३२ + १० = २१०. छत्तीसने भागून ५.८३३३, म्हणजे २.९१६७ ची दुप्पट. बेरजेचे प्रचरण दुप्पट झाले. सरासरी काढताना बेरजेला २ ने भागतो, त्यामुळे प्रचरण ४ ने भागले जाते. दुप्पट भागिले चार म्हणजे निम्मे: σ²/2.

बेरजेचे प्रचरण सरळ दुप्पट का होते, याला कारण आहे दोन टाकींचे एकमेकींपासूनचे स्वातंत्र्य. लाल फासा काहीही पडो, निळ्याची अंतरे −२.५ पासून २.५ पर्यंत सारखीच येतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. त्यामुळे दोन अंतरांचे गुणाकार सगळ्या तक्त्यात मिळून शून्य भरतात. ही अट लक्षात ठेवायची, २२ तारखेच्या नोंदीत ती मोडणार आहे.

१६ जानेवारी

‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’चे काय करायचे, यावर बराच खल झाला. नेहमीचे स्पष्टीकरण असे: चार अंतरांची बेरीज शून्य असलीच पाहिजे, म्हणून −२.५, १.५, ०.५ ही तीन माहीत झाली की चौथे ०.५ आपोआप ठरते. मोकळी अंतरे तीनच, म्हणून तीनने भागा.

पहिले वाक्य निखालस खरे आहे. पण ‘म्हणून’ नंतरचे त्यातून आपोआप येत नाही. चौथे अंतर ठरलेले असले तरी त्याचा वर्ग बेरजेत धरलेलाच आहे. मग भाजकातून त्याला का वगळायचे, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कालच्या नोंदीत आहे: बेरजेतून सरासरीने एक σ² गळालेला असतो. म्हणून क्रम असा ठेवला की आधी वाटी, मग तक्ता, मग गळालेला σ², आणि शेवटी या हिशेबाचे नाव म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम. पुढे सरळ रेषा बसवताना चढ आणि छेद अशा दोन गोष्टी आकड्यांतूनच काढाव्या लागतात आणि भाजक n − 2 होतो, तेव्हा हे नाव उपयोगी पडते.

या भाजकाला बेसेलची दुरुस्ती म्हणतात, जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या नावावरून. निरीक्षणांच्या संख्येतून अंदाजलेल्या अज्ञातांची संख्या वजा करून भागायचे, हा सर्वसाधारण नियम गाउस यांनी १८२३ मध्ये मांडला होता. तरी n ने भागण्याची पद्धत लगेच गेली नाही. डब्लिनमधल्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या नावाने १९०८ मध्ये लहान नमुन्यांवरचा जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातही प्रमाण विचलनाचा भाजक n च होता.

२० जानेवारी

स्प्रेडशीटची चाचणी. एका ओळीत चार टाकी, अशा १००० ओळी.

```
A2:D2   =RANDBETWEEN(1,6)
E2      =VAR.P(A2:D2)
F2      =VAR.S(A2:D2)
H1      =AVERAGE(E2:E1001)
H2      =AVERAGE(F2:F1001)
```

`VAR.P` n ने भागते, `VAR.S` n − 1 ने. H1 मध्ये २.१९ च्या आसपास आणि H2 मध्ये २.९२ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. हजार ओळींना H2 साधारण २.८ ते ३.०३ या पट्ट्यात राहतो. पुनर्गणना केली की आकडा बदलतो, पण पट्टा क्वचितच सोडतो.

ओळी हजारच का, हे लिहून ठेवणे गरजेचे आहे, कारण वेळ वाचवायला कोणीतरी वीस ओळी घेणारच. चार टाकींच्या एका नमुन्याचे प्रचरण फार उड्या मारते. चारही टाकी सारख्या पडल्या तर ते शून्य, १, १, ६, ६ पडले तर `VAR.S` ८.३३. वीस ओळींची सरासरीही २.१ ते ३.७ पर्यंत फिरू शकते. हिशेब केला तर वीस ओळींच्या साधारण सात प्रयोगांपैकी एकात n ने भागलेले उत्तरच खऱ्याच्या जास्त जवळ दिसेल. वर्गात चाळीस मुले असतील तर पाच-सहा जणांची खात्री उलटी पटेल. हजार ओळींना ही भीती राहत नाही. हाताने फासे टाकून घ्यायचे असतील तर सगळ्या वर्गाच्या ओळी एकत्र करून सरासरी काढावी, प्रत्येकाची वेगळी काढू नये.

बाकीचे अडथळे किरकोळ, पण वेळ खाणारे आहेत. `RANDBETWEEN` कोणत्याही घरात काही टाइप केले की सगळे आकडे नव्याने काढते, त्यामुळे वहीत उतरवलेला आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाही. आकडे कॉपी करून फक्त मूल्ये म्हणून पेस्ट करावीत. दुसरे, हाताने भरलेल्या टाकींत एखादा आकडा मजकूर म्हणून साठला असेल, तर `VAR.S` तो घर मुकाट्याने सोडून देते आणि n चार ऐवजी तीन होतो. कोणतीही सूचना येत नाही. म्हणून शेजारी `=COUNT(A2:D2)` चा रकाना ठेवला आहे. तो प्रत्येक ओळीत ४ दाखवतो का, हे आधी पाहायचे.

२२ जानेवारी

पत्त्यांचा प्रयोग. एक्का ते छक्का अशी सहा पाने पिसून दोन ओढायची, पहिले परत न ठेवता. वरवर हे दोन फासे टाकण्यासारखेच वाटते. पण तक्त्यात सारख्या आकड्यांची सहा घरे बाद होतात आणि उरतात तीस. त्या सहा घरांचा फरक शून्यच होता, त्यामुळे वर्गांची बेरीज १०५ तशीच राहते. १०५/३० = ३.५.

म्हणजे n − 1 ने भागूनही उत्तर २.९१६७ ऐवजी ३.५ येते. १५ तारखेची अट इथे मोडली: पहिले पान एक्का निघाले की दुसरे एक्का निघूच शकत नाही, दोन पाने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. मात्र ३.५ हा भलताच आकडा नाही. सहा पानांच्या वर्गांची बेरीज १७.५ होती, ती ६ ऐवजी ५ ने भागली की ३.५. परत न ठेवता काढलेल्या नमुन्यावरून मिळणारा अंदाज समष्टीच्याही N − 1 ने भागलेल्या प्रचरणाचा असतो. सहा पानांत हा फरक वीस टक्के आहे. सहा हजार वस्तूंच्या ढिगातून दहा उचलल्या तर तो जाणवणारही नाही.

प्रयोग संचात ठेवला, पण शेवटी, आणि ‘पान परत ठेवा’ व ‘परत ठेवू नका’ अशा दोन वेगळ्या कृतींत. डब्यातल्या चिठ्ठ्यांवर हा विषय शिकवताना चिठ्ठी परत न टाकल्यामुळे उत्तर जुळत नाही आणि मग सूत्रावरच शंका घेतली जाते.

२७ जानेवारी

आजची नोंद सूत्राच्या मर्यादेबद्दल. विद्यार्थी स्प्रेडशीटमध्ये `VAR.S` च्या जागी `STDEV.S` घालून त्या रकान्याची सरासरी काढतात आणि १.७०७८ ची वाट पाहतात. येतात १.६ च्या आसपास. ओळी कितीही वाढवल्या तरी तिथेच. स्प्रेडशीट चुकलेली नाही.

n − 1 ने दुरुस्त होते ते प्रचरण. प्रमाण विचलन त्याचे वर्गमूळ आहे, आणि वर्गमूळ काढण्यापूर्वी सरासरी घेणे व नंतर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन नमुन्यांची प्रचरणे ० आणि ४ आली समजा. सरासरी २, तिचे वर्गमूळ १.४१४. आधी वर्गमुळे घेतली तर ० आणि २, त्यांची सरासरी १. मोठ्या आकड्यांना वर्गमूळ जास्त दाबते, म्हणून दुसरा मार्ग नेहमी खाली राहतो.

दोन फाशांवर हेही अचूक मोजता येते. n − 1 घेतल्यावर प्रमाण विचलन म्हणजे फरक भागिले √2. छत्तीस घरांतल्या फरकांची बेरीज ७०, म्हणून सरासरी १.९४४४ भागिले १.४१४२, म्हणजे १.३७४९. खऱ्यापेक्षा सुमारे साडेएकोणीस टक्के कमी. n ने भागले असते तर ०.९७२२, म्हणजे त्रेचाळीस टक्के कमी. दुरुस्तीने मोठी खोट भरली, पण पूर्ण नाही.

उरलेली खोट भरणारे एकच सूत्र नाही, कारण ती समष्टीच्या आकारावर अवलंबून असते. घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी गुणवत्ता नियंत्रणाच्या तक्त्यांत c₄ नावाचा गुणक दिलेला असतो: दोनाच्या नमुन्याला ०.७९७९, पाचाला ०.९४००, दहाला ०.९७२७. प्रमाण विचलनाला त्याने भागतात. कारखान्यात दर तासाला पाच नग मोजून ठेवलेल्या नोंदींवर हे खरोखर लागते. शिकणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे: अनेक छोटे, सारख्या आकाराचे नमुने एकत्र करायचे असतील तर त्यांच्या प्रचरणांची सरासरी काढावी आणि वर्गमूळ शेवटी एकदाच घ्यावे. प्रमाण विचलनांची सरासरी काढू नये.

३० जानेवारी

n ने केव्हा भागायचे, यावर संचात एक छोटे पान.

अख्खी समष्टी हातात असेल तेव्हा. तुकडीतल्या सर्व मुलांचे गुण आहेत आणि प्रश्न त्याच तुकडीबद्दल आहे, तर n. तीच तुकडी ‘अशा मुलांचा’ नमुना म्हणून वापरून बाकीच्यांबद्दल काही म्हणायचे असेल तर n − 1. आकडे तेच, प्रश्न बदलला की भाजक बदलतो.

खरी सरासरी बाहेरून माहीत असेल तेव्हाही n, मात्र अंतरे त्याच सरासरीपासून मोजायची. फासा खरा आहे हे माहीत असेल तर २, ६, ५, ५ वरून अंदाज १३/४ = ३.२५. १३/३ केले तर ती दुहेरी दुरुस्ती होईल. ९/४ केले तर दुरुस्ती राहून जाईल.

आणि एकच टाक असेल तेव्हा? `VAR.P` शून्य दाखवते, `VAR.S` मध्ये `#DIV/0!` येतो. ही त्रुटी पाहून बिचकू नये. एका टाकीवरून फाशाचा पसारा कळतच नाही आणि n − 1 चे सूत्र तेच सांगते आहे. शून्य दाखवणारे सूत्र मात्र ‘पसारा मुळीच नाही’ असे ठामपणे सांगते आणि ते खोटे आहे.

n वाढला की वाद आपोआप मिटतो. दोन्ही प्रमाण विचलनांतला फरक n = 5 ला सुमारे १२ टक्के, ३० ला १.७ टक्के, १००० ला ०.०५ टक्के. ‘तीसच्या वर दुरुस्ती लागत नाही’ असा नियम मात्र पानावर लिहिलेला नाही. n − 1 ने भागायला वेगळे कष्ट पडत नाहीत, मग सीमा कशाला आखायची.

३ फेब्रुवारी

संचाचे शेवटचे पान: हातातले यंत्र किंवा सॉफ्टवेअर कोणता भाजक वापरते ते ओळखणे. एकाच रकान्याची दोन उत्तरे आल्याच्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. पायथनमध्ये `numpy.std` काही न सांगता n ने भागते, pandas मधले `.std()` n − 1 ने. numpy कडून n − 1 हवे असेल तर `ddof=1` द्यावे लागते. R मधले `sd()` n − 1 ने भागते. स्प्रेडशीटमध्ये `STDEV.P` आणि `STDEV.S`, आणि जुन्या फाइलींत दिसणारे नुसते `STDEV` म्हणजे n − 1. कॅल्क्युलेटरवर σx हे n चे, sx हे n − 1 चे. जुन्या कॅल्क्युलेटरांवर हीच दोन xσn आणि xσn-1 अशी लिहिलेली असत.

नावे पाठ करण्याची गरज नाही. २, ६, ५, ५ हे चार आकडे भरायचे आणि प्रमाण विचलन मागायचे. `1.5` आले तर भाजक n आहे, `1.7320508` आले तर n − 1.